अर्धी विहीर आणि पूर्ण वर्तुळ: महालातल्या एका वाड्यात साइनच्या नियमाने काढलेली त्रिज्या

नागपुरात महाल भागात माझ्या मावशीचा जुना वाडा आहे. मागच्या अंगणात विहीर आहे, पण ती अर्धीच तिच्या वाट्याला आलेली. वाटणी झाली तेव्हा विहीर सामाईक ठेवली आणि तिच्या तोंडावर गर्डर टाकून वरून नऊ इंची भिंत उचलली. भिंतीच्या अलीकडचा भाग मावशीचा, पलीकडचा शेजाऱ्यांचा. एप्रिलच्या सुट्टीत घर पोरासोरांनी भरतं, त्यामुळे यंदा मावशीने ठरवलं, विहिरीवर लोखंडी जाळी बसवायचीच.

जाळीचा आकार म्हणजे वर्तुळाचा एक तुकडा: एका बाजूला भिंतीला लागून सरळ दांडी आणि दुसऱ्या बाजूला कठड्यासोबत फिरणारी गोल कमान. फॅब्रिकेशनवाले भाऊ आले आणि त्यांनी एकच आकडा मागितला. "सर, पाइप रोलरमधून वाकवाचा तर रेडियस सांगा. बाकी मी पाहून घेतो."

पण ती मापायची कशी? विहिरीचा मध्य हवेत, त्यात तो भिंतीच्या पलीकडे की अलीकडे हेही माहीत नाही. व्यास मापायचा तर टेप भिंतीतून जाईल कसा? मी अकरावी-बारावीला गणित शिकवतो आणि मावशीची नात, म्हणजे माझी भाची, यंदा बारावीत गेली आहे. तिच्या पुस्तकात साइनचा नियम असा आहे:

a / sin A = b / sin B = c / sin C = 2R

मुलं यातल्या पहिल्या तीन पदांवर भरपूर उदाहरणं सोडवतात आणि शेवटचं 2R बहुतेकांच्या नजरेतून निसटतं. मावशीच्या अंगणात नेमकं तेच उपयोगाचं होतं. R म्हणजे त्रिकोणाच्या तिन्ही शिरोबिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाची, म्हणजे परिवर्तुळाची त्रिज्या. कठड्याच्या आतल्या काठावर तीन बिंदू घेतले की त्या त्रिकोणाचं परिवर्तुळ म्हणजे विहीरच. एक बाजू आणि तिच्या समोरचा कोन मिळाला की झालं, मध्यापर्यंत जायची गरज नाही.

हे खरं का, ते भाचीला कठड्यावरच दाखवता आलं. भिंत जिथे काठाला टेकते ती दोन टोकं P आणि Q. काठावर कुठेही C घ्या. आता मनात P मधून व्यास काढा, तो पलीकडे शेजाऱ्यांच्या बाजूला काठाला P′ मध्ये भेटेल. PP′ व्यास असल्याने त्रिकोण PQP′ मध्ये Q जवळचा कोन ९०° चा. म्हणून PQ = PP′ × sin P′, म्हणजे PQ = 2R sin P′. C आणि P′ हे जीवा PQ च्या विरुद्ध बाजूंना आहेत, चौकोन चक्रीय झाला, त्यामुळे C आणि P′ या कोनांची बेरीज १८०°. आणि बेरीज १८०° असणाऱ्या दोन कोनांचा साइन सारखाच असतो. म्हणून PQ = 2R sin C. C आणि P′ एकाच बाजूला पडले असते तर दोन्ही कोन समानच निघाले असते.

आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास 'ज्या'ची, म्हणजे तेव्हाच्या साइनची, जी सारणी दिली, ती ३४३८ त्रिज्येच्या वर्तुळावर बेतलेली आहे. त्यांच्या 'ज्या'मध्ये त्रिज्या आतच असायची. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी, आणि आपण वर्तुळातल्या अशा रेषाखंडाला आजही जीवा म्हणतो, तो त्याच शब्दाचा सखा. आजच्या साइनमध्ये त्रिज्या १ धरली आहे, म्हणून ती दिसत नाही. नियमातलं 2R म्हणजे ती काढून ठेवलेली त्रिज्या परत जागेवर आणणं, आणि त्रिकोणाची प्रत्येक बाजू म्हणजे त्या वर्तुळाची एक जीवा. मला हा नियम असा पाहिला की फार जवळचा वाटतो.

आता काय चुकलं ते सांगतो, कारण पहिल्या दिवशी आम्ही चुकलोच.

कठड्यावर तुळशीची कुंडी, मोटारीचा पाइप, कपडे धुवायचा दगड असं बरंच काही होतं. मोकळा तुकडा जेमतेम सव्वा मीटरचा. तेवढ्यातच काम उरकू म्हणून आम्ही दोन टोकांना A आणि B खुणा केल्या, अंतर १.२० मीटर आलं, आणि बरोबर मध्ये C घेतला. C पासून A आणि B कडे सुतळ्या ताणल्या आणि फळ्यावर वापरायचा मोठा लाकडी कोनमापक खाली धरला. कोन आला १६२°.

R = १.२० ÷ (२ × sin १६२°) = १.२० ÷ ०.६१८ = १.९४ मीटर

भाऊंनी त्यांच्या पद्धतीने पडताळलं. दोरी ताणून मध्ये किती खोल पडते ते ते मापतात, साडेनऊ सेंटीमीटर आली. जीवेच्या अर्ध्याचा वर्ग भागिले दुप्पट खोली, अधिक खोलीचं अर्ध, या त्यांच्या हिशोबानेही १.९४ च. दोघांचं जमलं म्हणून सगळे खूश झाले. खरं तर तसं व्हायला नको होतं. दोन्ही मापं त्याच तीन बिंदूंवरची होती, त्यामुळे दोघांत एकच चूक उतरली होती. माझी पद्धत वेगळी दिसते, पण C मध्यावर असेल तर तिच्यात आणि दोरीच्या पद्धतीत गणिती फरक काहीच नाही.

भाऊ निघायच्या बेतात होते. तेवढ्यात भाचीने विचारलं, "मामा, मग भिंतीपासून विहीर किती रुंद यायला पाहिजे?" तिचा प्रश्न अगदी योग्य होता. कुंडी हलवून भिंतीलगतची जीवा PQ मापली, ३.४८ मीटर. त्रिज्या १.९४ असती तर भिंतीच्या मध्यापासून काठापर्यंतची खोली १.०८ मीटर यायला हवी होती. टेप लावला तर १.३४. सव्वीस सेंटीमीटरचा फरक! पाइप त्या त्रिज्येला वाकवून आणला असता तर कमानीची लांबीच चाळीस सेंटीमीटरने कमी भरली असती.

चूक कोनमापकाची नव्हती, बिंदूंच्या जागेची होती. कोन १८०° च्या जवळ गेला की साइन फार लहान होतो आणि अंशभराच्या फरकाने खूप हलतो. त्या जागी खरा कोन साधारण १६०.५° असायला हवा होता, आम्ही १६२° वाचला. दीड अंश जास्त, तर त्रिज्या चौदा सेंटीमीटरने वाढली. उलट १५९° वाचला असता तर ती १.६७ वर आली असती. आणि दीड अंश म्हणजे तरी काय, मधल्या खोलीत जेमतेम आठ मिलिमीटर. जुन्या विटेच्या काठावर एवढा खडबडीतपणा असतोच.

किती बिघडेल ते आधीच सांगता येतं. कोनातली चूक रेडियनमध्ये घ्या आणि तिला त्या कोनाच्या कोटँजंटने आणि मग शंभराने गुणा, त्रिज्येतली चूक टक्क्यांत कळते. १६०.५° ला कोटँजंट, चिन्ह सोडून, २.८ च्या आसपास. १०५° ला फक्त ०.२७. म्हणजे दीड अंशाचीच चूक पहिल्या जागी सात टक्के बिघडवते आणि दुसऱ्या जागी पाऊण टक्काही नाही. ९०° ला तर कोटँजंट शून्य, तिथे कोन थोडा इकडेतिकडे झाला तरी फरक पडत नाही, कारण तेव्हा समोरची जीवा हाच व्यास असतो. म्हणून जीवा जितकी रुंद घेता येईल तितकी घ्यायची आणि समोरचा कोन काटकोनाच्या जवळ ठेवायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं चढायच्या आत कठडा रिकामा केला. या वेळी जीवा भिंतीलगतची, पूर्ण रुंद PQ. C काठावर, जरा Q कडे सरकवलेला. तिन्ही बाजू टेपने मापल्या आणि तिन्ही कोन सुतळीवरून. PQ ३.४८, PC २.५५, QC १.७९ मीटर. C जवळचा कोन १०४.५°, P जवळचा ३०°, Q जवळचा ४५.५°. तीन गुणोत्तरं काढली:

PQ / sin C = ३.४८ ÷ ०.९६८ = ३.५९
PC / sin Q = २.५५ ÷ ०.७१३ = ३.५८
QC / sin P = १.७९ ÷ ०.५ = ३.५८

व्यास ३.६० च्या जरासा आत. नुसत्या तीन बाजूंवरून, कोसाइनच्या नियमाने, C चा कोन १०५.३° येतो आणि त्रिज्या १.८० मीटर. टेपवर माझा कोनमापकापेक्षा जास्त भरवसा होता, म्हणून १.८० धरलं. तिसऱ्या ओळीत एक गंमत आहे, भाचीला ती सर्वात आवडली. ३०° समोरची बाजू म्हणजे त्रिज्याच, हिशोब करायलाच नको. नववीत ३०-६०-९० च्या त्रिकोणात 'कर्णाच्या निम्मी' म्हणून जे पाठ केलेलं असतं, ते इथे काटकोन नसलेल्या त्रिकोणात, कर्णाच्या जागी परिवर्तुळाचा व्यास ठेवून, तसंच्या तसं खरं ठरतं.

C चा कोन ९०° हून मोठा आहे यातूनही एक गोष्ट कळते: विहिरीचा मध्य भिंतीच्या पलीकडे आहे. किती पलीकडे? C चा कोन साधारण १०५° धरला तर १८०° मधून उरतात ७५°. मग अंतर R गुणिले cos ७५°, म्हणजे १.८० × ०.२५९, सुमारे ४७ सेंटीमीटर. १.८० मधून ते वजा केले की आपल्या बाजूची खोली १.३३ येते, आणि टेप १.३४ सांगत होता. साइन एकटा हे सांगू शकत नाही, ७५° आणि १०५° त्याला सारखेच. कोन विशाल आहे हे डोळ्यांनी पाहून लक्षात ठेवावं लागतं. केवळ साइनवरून उलटा कोन काढणारी मुलं इथेच हमखास फसतात, कारण कॅल्क्युलेटर नेहमी लघुकोनच देतो.

तीन गुणोत्तरं जुळली तेव्हा भाची म्हणाली, "म्हणजे विहीर गोल आहे, सिद्ध झालं." मी इथे जास्तीचा अर्धा तास घालवला, कारण ही चूक मला फार महत्त्वाची वाटते. तीन गुणोत्तरं जुळणं म्हणजे विहीर गोल असणं नव्हे. ती जगातल्या प्रत्येक त्रिकोणात जुळतात. अंगणात कुठेही तीन खिळे ठोका, त्यांच्यातून एक वर्तुळ जातंच आणि गुणोत्तरं त्याच्या व्यासाइतकी येतातच. ती जुळली नाहीत तर मापताना चूक झाली एवढंच कळतं. आणि कोन मापले नसतील, बाजूंवरूनच काढले असतील, तर तेवढंही कळत नाही, कारण मग ती जुळणारच.

गोलाईची परीक्षा चौथ्या बिंदूने होते. जीवा PQ तीच ठेवायची आणि काठावर दुसरीकडे उभं राहून तिच्यासमोरचा कोन बघायचा. काठ खरोखर वर्तुळाचा असेल तर कोन बदलणार नाही. आम्ही आधी P च्या बाजूला एक बिंदू घेतला: १०५°. छान. मग Q च्या बाजूला, मोटारीच्या पाइपाजवळ D घेतला: १०८°.

तीन अंशांचा फरक सुतळीच्या चुकीत जाऊ शकतो का? इथे सुतळ्या लांब होत्या, अर्ध्या अंशापेक्षा जास्त चूक नसावी. शिवाय टेपही तेच म्हणाला. PD २.९० आणि QD १.२१, त्यांवरून D चा कोन १०८.६°. आता या PDQ त्रिकोणाचेही तिन्ही कोन मापून गुणोत्तरं काढली: ३.६६, ३.६६ आणि ३.६३. तीही आपसांत जुळतात! पहिल्या त्रिकोणाचं घर ३.५९ ला शांत, दुसऱ्याचं ३.६६ ला शांत. भांडण होतं ते दोन त्रिकोणांमध्ये, आणि ते तेव्हाच दिसतं जेव्हा दोन्ही समोरासमोर ठेवले जातात. आम्ही सुरुवातीलाच D निवडला असता तर सगळी गुणोत्तरं जुळवून भाऊंना १.८३ सांगितलं असतं आणि कुणाला संशयही आला नसता.

कोन मोठा आला म्हणजे बिंदू वर्तुळाच्या आत आहे, लहान आला असता तर बाहेर. D आत सरकलेला होता. भाऊंनी त्या जागी हात फिरवला आणि म्हणाले, "हे पाहा, इथं नंतरचं प्लास्टर हाय. पाइप बसवताना काठ फोडला असन, मंग भरून काढला." १.८० त्रिज्येला वाकवलेली पट्टी त्यांनी काठावर ठेवून पाहिली. बाकी सगळीकडे ती काठासोबत गेली आणि D पाशी प्लास्टर तिच्या आत सहा सेंटीमीटर आलेलं दिसलं. मी नंतर गच्चीवर बसून हिशोब केला: त्या जागी बिंदू सहा सेंटीमीटर आत गेला तर कोन १०८.३° येतो. मला इतका आनंद झाला की भाचीला खाली हाक मारून दाखवलं.

मग जाळीचं माप. जाळी काठाच्या आत बसवायची नव्हती, कठड्यावर टेकवायची होती, म्हणून कमान काठापासून पाच सेंटीमीटर बाहेर, त्रिज्या १.८५. प्लास्टरचा फुगवटा आतल्या बाजूला असल्याने आड येत नव्हता, तो राहू दिला. इथे भाऊ सरळ दांडीही त्याच प्रमाणात वाढवायला निघाले होते. तसं करून चालत नाही. त्रिज्या वाढते, पण भिंत जागची हलत नाही, मध्यापासून तिचं अंतर ४७ सेंटीमीटरच राहतं. त्यामुळे कोन पुन्हा काढावा लागतो. मध्याशी अर्धा कोन ७५° चा ७५.४° झाला, दांडी ३.५८ मीटर आणि कमानीचा पाइप ४.८७ मीटर. भाऊंनी फूट-इंचात उतरवून घेतलं. आठवड्याने जाळी आली, आणि कमानीखाली बोटभर फट फक्त एका ठिकाणी, जिथे कठडाच वर-खाली आहे.

जाळी पाहून पलीकडचे काकाही म्हणाले, आमच्या बाजूलाही बसवून टाकू. भाची लगेच म्हणाली, त्यांच्याकडे मापायची गरजच नाही, समोरचा कोन १८० वजा १०५, म्हणजे ७५° असणार. मी तिला भिंतीकडे बघायला सांगितलं. भिंत नऊ इंच जाड आहे, सुमारे २३ सेंटीमीटर. आपली जीवा भिंतीच्या या अंगाला, त्यांची त्या अंगाला, आणि मध्य त्यांच्या अंगापासून फक्त २४ सेंटीमीटरवर. म्हणजे जीवा वेगळी, कोनही वेगळा. तिने वहीवर मांडलं: ०.२४ भागिले १.८०, कोसाइन ०.१३, कोन साडेब्याऐंशी अंशांच्या आसपास, जीवा ३.५७ मीटर. मग ती सुतळी आणि कोनमापक घेऊन पलीकडे गेली. भिंतीवरून आवाज आला, "मामा, ८२!"